गुण बेताचे, काम खणखणीत : अशा विद्यार्थ्याचं शिफारसपत्र कसं लिहावं

वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाचं शिफारसपत्र लिहिणं सोपं असतं. गुणपत्रिकेनं निम्मं सांगून टाकलेलं असतं, आपण फक्त दुजोरा द्यायचा. घाम फुटतो तो ५५-६० टक्क्यांवर राहिलेल्या, पण ज्याच्यावर डोळे मिटून प्रयोगशाळेच्या किल्ल्या सोपवाव्यात अशा विद्यार्थ्यासाठी लिहिताना. खरं लिहिलं तर त्याचं नुकसान होईल असं वाटतं, आणि चांगलंच लिहायचं ठरवलं तर पेन खोट्याकडे वळतं. इतकी वर्षं शिकवूनही अशा पत्रापुढे मी अजून अडखळते. नव्यानं शिकवायला लागलेल्यांना या पत्रांची मागणी पहिल्या वर्षापासूनच येते, म्हणून हे लिहिते आहे.

नमुना कसा असतो, लेटरहेड, तारीख, हुद्दा हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मला बोलायचं आहे ते एकाच सापळ्याबद्दल, कारण भली माणसं त्यातच सापडतात.

सापळा असा. विद्यार्थ्याचे गुण कमी, पण मनापासून मदत तर करायची आहे, म्हणून आपण लिहितो : ‘ही विद्यार्थिनी अत्यंत मेहनती, नम्र, वक्तशीर आणि शिस्तप्रिय आहे.’ यातला शब्द न् शब्द खरा असतो. पण निवड समितीत बसलेल्या माणसाच्या हातात त्या दिवशी अशा पत्रांचा गठ्ठा असतो. ५८ टक्क्यांच्या गुणपत्रिकेशेजारी हे वाक्य आलं की तो त्यातून एकच अर्थ काढतो : हुशारीबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून स्वभावाबद्दल लिहिलंय. तुम्ही केलेलं कौतुक त्याच्यापर्यंत इशारा होऊन पोचतं. मग आपल्याला वाटतं, जोर कमी पडला, आणि आपण ‘अतिशय’, ‘असामान्य’, ‘माझ्या पाहण्यात आलेली सर्वोत्तम’ असं चढवत जातो. त्यानं शंका आणखी बळावते, कारण सर्वोत्तम असलेल्या मुलीला ५८ का, हा प्रश्न समोर उभाच असतो.

माझे स्वतःचे गुण बेताचेच होते. एका प्रेमळ सरांनी मला असंच विशेषणांनी भरलेलं पत्र दिलं होतं. मुलाखतीत समोरच्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, ‘‘तुम्ही नेमकं काय केलंत, ते यात कुठे आहे?’’ सरांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्याबरोबर मी दोन उन्हाळे काम केलं होतं. कागदावर मात्र त्यातलं काहीच नव्हतं. ते अजून सलतं.

मुलींच्या पत्रात याकडे जास्तच लक्ष द्या. ट्रिक्स आणि सेंका या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी आलेली ३००हून अधिक शिफारसपत्रं तपासली होती. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कष्टाळू, कसोशीनं काम करणारी अशा जातीचे शब्द स्त्रियांच्या पत्रांत अधिक आढळले. ती सगळी निवड झालेल्या उमेदवारांची पत्रं होती, म्हणजे गुणी बायकांच्या वाट्यालाही हेच शब्द येत होते. बेताच्या गुणांच्या मुलीला तर ते फारच महागात पडतात.

मग कष्टांबद्दल लिहायचंच नाही का? लिहायचं, अगदी भरभरून लिहायचं, पण गुण म्हणून नाही, घडलेलं काम म्हणून. काम कुठे अडलं होतं, कुणी न सांगता तिनं काय केलं आणि त्यानं काय बदललं, एवढं तुम्ही सांगितलंत की ‘मेहनती’ हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. तो तिथेच यायला हवा.

एक उदाहरण घेऊ. रसायनशास्त्राची तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, तिन्ही वर्षं ५६ ते ६० टक्क्यांत. व्हिनेगरमधल्या आम्लाचं प्रमाण काढायचं साधं टायट्रेशन होतं. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, बाटलीवर लिहिलेली त्याची ताकद ०.१ नॉर्मल. सगळ्या गटांची रीडिंग अपेक्षेपेक्षा जास्त येत होती. बहुतेकांनी काय केलं ते कुठल्याही प्रयोगशाळेत शिकवणाऱ्याला सांगायला नको : उत्तर माहीत होतं, मागे मोजत जाऊन रीडिंग जुळवली. हिनं आलेली रीडिंग तशीच जर्नलमध्ये लिहिली, शेजारी प्रश्नचिन्ह काढलं आणि मधल्या सुट्टीत ऑक्झॅलिक आम्ल मागायला आली. ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक आम्लाच्या १० मिलिलिटरला १० मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड लागायला हवं होतं, लागलं १०.६. तीनदा केलं, तीनदा तेच. म्हणजे बाटलीतलं द्रावण ०.१ नव्हतंच, ०.०९४ च्या आसपास होतं. हे द्रावण उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि त्याची ताकद उतरते. हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं होतं. तिनं दुरुस्त किमतीनं आकडेमोड पुन्हा केली, उत्तर बरोबर आलं. त्यानंतर त्या बॅचमध्ये बाटलीवरच्या आकड्यावर विसंबायचं थांबलं. आधी द्रावण प्रमाणित करायचं, मग प्रयोग.

आता हिच्याबद्दल ‘प्रामाणिक आणि मेहनती’ असं लिहिणं म्हणजे हातातलं सोनं टाकून देणं आहे. मी असं लिहीन :

‘बाटलीवरच्या किमतीशी न जुळणारी रीडिंग तिनं बदलली नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण तिनं स्वतः ऑक्झॅलिक आम्लाविरुद्ध तपासलं, ते ०.१ ऐवजी ०.०९४ नॉर्मल असल्याचं दाखवून दिलं आणि आकडेमोड नव्यानं केली. हे करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या सत्रात तिच्या बॅचनं प्रत्येक प्रयोगाआधी द्रावण प्रमाणित करायची पद्धत तिच्यामुळे सुरू केली.’

चार वाक्यं, एकही विशेषण नाही. प्रामाणिकपणा आला, चिकाटी आली, आणि जिच्याबद्दल शंका येईल अशी भीती होती ती हुशारीही आली. वाचणाऱ्याला तुमच्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तो स्वतः निष्कर्ष काढतो.

असा प्रसंग आपल्याला आठवतोच असं नाही. ६० जणांच्या वर्गात कुणाचं काय कधी घडलं हे कोण लक्षात ठेवणार? त्याची लाज वाटून घेऊ नका. विद्यार्थ्याला बोलावून घ्या, जर्नल आणि प्रकल्पाची वही घेऊन यायला सांगा, कुठे अर्ज करतो आहे ते विचारा. ‘तुझे गुण सांग’ असं विचारलंत तर तो लाजेल आणि तीच चार विशेषणं सांगेल. ‘कुठलं काम अडलं होतं आणि तू काय केलंस?’ असं विचारा. खाडाखोड असलेली पानं बघा, मजकूर तिथेच सापडतो.

इथे एक स्पष्ट सांगते. ‘तूच लिहून आण, मी सही करते’ हा प्रकार करू नका. वेळ वाचतो हे कबूल. पण बेताच्या गुणांचा विद्यार्थी स्वतःबद्दल लिहायला सगळ्यात कच्चा असतो. एक तर तो स्वतःला कमी लेखतो, नाही तर कुठला तरी तयार नमुना उतरवून आणतो, आणि तोच नमुना त्या गठ्ठ्यात आणखी दोन ठिकाणी असतो. मोठ्या नावाच्या विभागप्रमुखांकडून पत्र घेण्याच्या सल्ल्याबद्दलही माझं मत असंच आहे. ज्यांनी त्याला कधी काम करताना पाहिलं नाही, त्यांच्या सहीला समितीत वजन नसतं. प्रॅक्टिकल घेणाऱ्या तरुण शिक्षकाचं एक पान त्याहून भारी पडतं. तुम्ही नवीन आहात, हुद्दा लहान आहे, याची काळजी इथे तरी सोडा.

आता गुणांचं काय करायचं? गप्प बसू नका. गुणपत्रिका समोर असताना पत्र त्यावर बोललंच नाही, तर लपवाछपवी वाटते. आणि परिच्छेदभर कारणंही देऊ नका, कारण मग अख्खं पत्र माफीनामा होतं. एक-दोन वाक्यं, पत्राच्या मध्यावर, प्रसंग सांगून झाल्यानंतर : ‘लेखी परीक्षेत ती वर्गाच्या मध्यावर राहिली. वेळेच्या बंधनात सविस्तर लिहिणं तिला जड जातं. प्रयोगशाळेतल्या कामात ६० जणांच्या या वर्गात मी तिला पहिल्या पाचांत धरते.’ उणीव कशात आहे ते नेमकं सांगितल्यामुळे ती पसरत नाही, आणि पुढचं ‘पहिल्या पाचांत’ खरं वाटतं. कितीजणांत, ते मात्र लिहाच. त्याशिवाय क्रमाला अर्थ नाही.

घरचं आजारपण, पैशाची अडचण, संध्याकाळची नोकरी अशी कारणं तुम्हाला माहीत असतात. ती विद्यार्थ्याची खाजगी गोष्ट आहे. त्याला स्पष्ट विचारा, तो हो म्हणाला तरच लिहा, आणि तेही एका वाक्यात. कणव वाटेल असं लिहू नका. जागा देणाऱ्याला दया नको असते. हे जमेल का, एवढंच त्याला कळायला हवं असतं.

बऱ्याच ठिकाणी पत्रासोबत चौकटींचा फॉर्म येतो : बौद्धिक क्षमता, चिकाटी, लेखन, सहकार्य, आणि समोर वरचे ५ टक्के, १० टक्के, २५ टक्के, ५० टक्के. सगळीकडे पहिल्या चौकटीत खूण केलीत की वर लिहिलेलं पान फुकट गेलं. लेखनाला ‘वरचे ५० टक्के’ आणि चिकाटीला ‘वरचे ५ टक्के’ असं खरंखुरं भरा. हात थरथरतो, मला माहीत आहे. पण त्या फरकामुळेच तुमची वरची खूण कुणी गांभीर्यानं घेतं.

या पत्रानं सगळी दारं उघडत नाहीत. वर सांगितलेलं पत्र विश्लेषणात्मक रसायनशास्त्राच्या, प्रयोगांवर भर असलेल्या अभ्यासक्रमाला उत्तम लागू पडेल. निव्वळ सैद्धांतिक अभ्यासक्रमाला ते अपुरं पडेल, आणि हे विद्यार्थिनीला अर्ज करण्याआधीच सांगायला हवं. तसंच, वही चाळूनही लिहिण्याजोगं काहीच सापडलं नाही, तर नाही म्हणा. त्याच दिवशी म्हणा, म्हणजे त्याला दुसऱ्या शिक्षकाकडे जायला वेळ राहील. मिळमिळीत पत्र देण्यापेक्षा नकार देणं त्याच्या जास्त हिताचं असतं.

पाठवलेल्या पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा. हाच विद्यार्थी वर्षभरानं नोकरीसाठी पुन्हा येतो. तेव्हा प्रसंग तोच राहतो, शेवटचा परिच्छेद नव्या कामाला धरून लिहायचा, आणि मधल्या काळात त्यानं काय केलं ते पुन्हा वही घेऊन बसून विचारायचं.