ट्रॅकवर गायलेलं भजन लाइव्ह दाखवण्याआधी

गेल्या आषाढीला सांगलीत आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचा कार्यक्रम यूट्यूबवर लाइव्ह चालू होता. पाचव्या अभंगाला मध्येच चित्र गेलं आणि पडद्यावर नुसता एक स्थिर फोटो आला. गाणारे आमचे, अभंग तुकोबांचा, तरी अडकलं ते साथीच्या ट्रॅकमुळे. तेव्हापासून मी कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी यादी हातात घेऊन बसते आणि प्रत्येक भजनाला तीन प्रश्न विचारते: शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंग कोणाचं? या तिन्हींचे हक्क वेगवेगळे असतात, हेच आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

शब्दांचं सोपं आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ज्ञानोबा, तुकोबा, सज्जनगडचे समर्थ यांचे शब्द केव्हाच सर्वांचे झाले. पण याच जिल्ह्यातल्या शेटफळ्याचे गदिमा १९७७ साली गेले, म्हणून त्यांची गीतं २०३७ संपेपर्यंत हक्काखाली आहेत. भक्तिगीत म्हटलं की ते जुनंच असणार, असं धरून चालू नका.

खरी गोम चालीत आहे. अभंग सतराव्या शतकातला असला तरी आपण तो ज्या चालीत गातो, ती पुष्कळदा एखाद्या संगीतकाराने पन्नास-साठ वर्षांपूर्वी बांधलेली असते. तिचा हक्क त्या संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा रेकॉर्डिंग ओळखतेच, शिवाय काही वेळा नुसती चालही ओळखते. त्यामुळे स्वतःच्या पेटीवर गायलं तरी क्लेम येऊ शकतो. तसा क्लेम आला की बहुधा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात आणि व्हिडिओ राहतो. मंडळाला पैसे मिळवायचे नसतील, तर तेवढं चालून जातं.

रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, आणि कराओके ट्रॅक हे स्वतंत्र रेकॉर्डिंगच आहे. शब्द आणि चाल दोन्ही पारंपरिक असली तरी तो ट्रॅक बनवणाऱ्याचाच. पैसे देऊन घेतला असेल तर पावतीसोबतच्या अटी वाचा. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेलं असेल, तर तो ट्रॅक प्रक्षेपणासाठी नाही.

‘देवाचं काम आहे, याला कसला कॉपीराइट?’ असं कोणीतरी म्हणतंच. कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत होणाऱ्या सादरीकरणाला सूट आहे. हौशी मंडळाने विनातिकीट श्रोत्यांपुढे गाण्यालाही आहे, पण ती शब्द-चालीच्या सादरीकरणाला, रेकॉर्डिंग वाजवायला नाही. देवळातल्या मंडपात या सवलतींचा आधार आहे. जगभर जाणाऱ्या प्रक्षेपणासाठी मी त्यांच्यावर विसंबत नाही. कंटेंट आयडी तर फक्त आवाज जुळवून बघते, निमित्त काय ते तिला कळत नाही.

आमच्या यादीतल्या त्या पाचव्या अभंगाचंच घ्या. शब्द तुकोबांचे, चाल वारीतली, ट्रॅक कुठून तरी उतरवलेला. म्हणजे बदलायचं ते एकच. आम्ही मिरजेच्या तंबोऱ्याचा सूर, पखवाज आणि टाळ एका दुपारी स्वतः रेकॉर्ड केले. वाजवणाऱ्यांकडून ‘हे वादन ऑनलाइन प्रक्षेपणात वापरायला माझी संमती आहे’ असं कागदावर तारखेसह लिहून घेतलं. ओळखीतल्या माणसांकडून कागद घ्यायला अवघड वाटतं, पण उद्या चुकीचा क्लेम आला तर यूट्यूबला उत्तर देताना हाच कागद उपयोगी पडतो.

आठवडाभर आधी सगळे ट्रॅक एका साध्या व्हिडिओत ओळीने लावून यूट्यूबवर `Private` म्हणून चढवा. चढवतानाच `Checks` या टप्प्यावर कॉपीराइटची तपासणी होते आणि काही सापडलं तर तिथे दिसतं. जो ट्रॅक अडकेल तो काढा. त्याचा वेग किंवा पट्टी बदलून निसटायचा प्रयत्न करू नका. हक्क त्याने बदलत नाही. तपासणी स्वच्छ निघाली म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही, कारण हक्कदार नंतर स्वतःहून तक्रार करू शकतो. तशा तक्रारीवरून व्हिडिओ काढला गेला तर स्ट्राइक लागतो. तो ९० दिवस राहतो, आणि त्या काळात असे तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं.

फेसबुकवरही दाखवणार असाल तर यादी पुन्हा बघा. एकामागून एक पूर्ण लांबीची रेकॉर्डेड गाणी वाजली की तिथे आवाज बंद होण्याची शक्यता वाढते.

कार्यक्रमाच्या दिवशी यूट्यूब स्टुडिओचा पडदा एका माणसाने फक्त बघत बसायचं. प्रक्षेपण तोडण्याआधी यूट्यूब सहसा इशारा देतं. तो दिसताच ध्वनिवाल्याने ट्रॅक बंद करायचा, पेटी-पखवाजवाल्यांनी तिथूनच उचलायचं. हे आदल्या दिवशी एकदा करून बघा. कॅमेऱ्याच्या कार्डावर वेगळं रेकॉर्डिंगही चालू ठेवा, म्हणजे लाइव्ह तुटलं तरी तेवढा भाग कापून बाकीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी चढवता येतो.