व्हेंडर नोंदणीचा अर्ज का अडकतो? या चुका टाळा

मुंबईतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचे अर्ज मी खरेदी विभागात बसून वर्षानुवर्षं तपासले. आता त्यांच्याच बाजूने बसून ते भरायला मदत करतो. टेबलाची बाजू बदलली, चुका मात्र त्याच आहेत. मशिनं चांगली, माणसं कसबी आणि अर्ज परत. कारण बहुतेक वेळा एकच असतं. प्रोफाइल एक सांगतं आणि सोबतचं सर्टिफिकेट दुसरंच.

तपासणारा माणूस प्रोफाइल वाचतो तेव्हा शेजारी तुमची सर्टिफिकेटं उघडी असतात. प्रोफाइलमधल्या प्रत्येक दाव्याला त्या कागदांत आधार आहे का, एवढंच तो बघतो.

आयएसओ सर्टिफिकेटवरची व्याप्ती न वाचणं

साकीनाक्याचे एक वर्कशॉपवाले होते. भाडं परवडेना म्हणून त्यांनी सीएनसी मशिनं वसईला नेली, ऑफिस साकीनाक्यालाच ठेवलं. एका मोठ्या कंपनीकडे अर्ज करताना प्रोफाइलच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘आयएसओ ९००१:२०१५ प्रमाणित अचूक सुटे भाग उत्पादक, वसई’. अर्ज परत आला. शेरा होता, ‘स्कोप मिसमॅच’. त्यांना वाटलं स्कॅन नीट दिसलं नसेल, म्हणून तेच सर्टिफिकेट जास्त स्पष्ट स्कॅन करून पुन्हा चढवलं. पुन्हा परत. मग माझ्याकडे आले. ‘साहेब, सर्टिफिकेट तर खरं आहे, मुदतीतलं आहे, मग यांना पाहिजे काय?’

सर्टिफिकेट खरंच होतं. पण त्यावर पत्ता साकीनाक्याचा होता आणि व्याप्तीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘औद्योगिक सुट्या भागांचा व्यापार व पुरवठा’. सुरुवातीच्या काळात ते माल घेऊन विकायचे, तेव्हाचं सर्टिफिकेट तसंच नूतनीकरण होत आलेलं. वसईतलं मशिनिंग ऑडिटरने कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे त्या कागदाने उत्पादनाबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. आयएसओ ९००१ अख्ख्या कंपनीला सरसकट लागू होत नाही. जी कामं आणि जे पत्ते सर्टिफिकेटवर छापलेले असतात, तेवढ्यांपुरतंच ते असतं.

उपाय सरळ होता, पण वेळ खाणारा. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला व्याप्ती वाढवायला आणि वसईचा पत्ता जोडायला लेखी कळवलं, त्यांचा ऑडिटर वसईला येऊन गेला, मग सुधारित सर्टिफिकेट आलं. त्याच वेळी लक्षात आलं की जीएसटीतही वसई ‘व्यवसायाचं अतिरिक्त ठिकाण’ म्हणून जोडलेली नाही. खरं तर असा बदल झाल्यापासून १५ दिवसांत कळवायचा असतो. तीही दुरुस्ती केली आणि त्यानंतरच अर्ज पुन्हा भरला. मधल्या काळात दुसऱ्या एका कंपनीला प्रोफाइल द्यायचं होतं. त्यात मी त्यांना लिहायला लावलं: ‘आयएसओ ९००१:२०१५, साकीनाका, व्यापार व पुरवठा, वसईतील मशिनिंगसाठी व्याप्तिविस्तार सुरू.’ त्यांना ही ओळ कमीपणाची वाटली. तपासणाऱ्याला मात्र अशा ओळीने विश्वास वाटतो, कारण ती कागदाशी तंतोतंत जुळते.

माझी सवय अशी: प्रोफाइल लिहिण्याआधी सर्टिफिकेटवरून पाच गोष्टी हाताने वहीत उतरवायच्या. नाव, पत्ता, व्याप्ती, मुदत आणि देणारी संस्था. सर्टिफिकेट साधारण तीन वर्षांचं असतं आणि मधल्या वर्षांत सर्व्हेलन्स ऑडिट व्हावं लागतं. ते चुकलं की मुदत बाकी असूनही सर्टिफिकेट निलंबित होऊ शकतं, म्हणून शेवटच्या ऑडिटचं पत्रही सोबत ठेवा.

आणि तीन दिवसांत, ऑडिटशिवाय ‘आयएसओ काढून देणारे’ एजंट! यांचा मला मनापासून राग आहे. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच सर्टिफिकेट देत नाही. ते प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या मंडळाची मान्यता आहे का हे मोठी कंपनी पाहते. आयएएफ सर्टसर्च या वेबसाइटवर सर्टिफिकेट क्रमांक टाकून पडताळणीही होते. घाईत घेतलेला तो कागद अर्ज तर अडकवतोच, वर पुढच्या वेळीही तुमच्या नावाकडे संशयाने पाहायला लावतो.

मोजता येत नाही ते टॉलरन्स लिहिणं

‘सर्व प्रकारचं मशिनिंग, ५ मायक्रॉन अचूकता.’ हे वाक्य दिसलं की मी थेट तपासणी साधनांच्या यादीकडे जातो. तिथे बहुतेकदा ०.०१ मिमी लघुतम मापाचा मायक्रोमीटर असतो. म्हणजे १० मायक्रॉन. १० मायक्रॉनपेक्षा बारीक जे साधन वाचत नाही, त्याने ५ मायक्रॉन तपासणार कसे? शॉपफ्लोअरवरचा जुना नियम आहे की साधनाने टॉलरन्सच्या दहाव्या भागापर्यंत वाचता आलं पाहिजे. ३८ मिमी व्यासाच्या बुशवर एकूण २० मायक्रॉनची मुभा असेल, तर साधन २ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक वाचणारं हवं. ०.००१ मिमीचा डिजिटल मायक्रोमीटर तिथे चालतो, १० मायक्रॉनवाला नाही.

म्हणून प्रोफाइलमध्ये रोज सहज निघतं आणि मोजून दाखवता येतं तेवढंच टॉलरन्स लिहा. त्याच ओळीत साधन आणि कॅलिब्रेशनची तारीख द्या. कॅलिब्रेशन एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं असेल, तर त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेत तुमचं माप येतं का तेही पाहा. इथेही व्याप्तीचाच प्रश्न आहे.

‘सर्व प्रकारचं’ हे शब्द काढून टाका. त्याऐवजी मशिनची कंपनी, जास्तीत जास्त टर्निंग व्यास, लांबी, बारची क्षमता, कोणते धातू चालवता आणि महिन्याला किती तास मोकळे आहेत, हे लिहा. खरेदीवाल्याच्या हातात ड्रॉइंग असतं. त्याला आपला भाग तुमच्या मशिनवर बसतो का, हे एका नजरेत कळलं पाहिजे. दोन पानांत हे सगळं मावतं. कारखान्याच्या दाराचे आणि पूजेचे फोटो टाकून बारा पानं करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, मशिन लिस्ट पहिल्या पानावर आणा.

मालकी संस्थेचं नाव

एकल मालकीत पॅन मालकाच्या नावावर असतो. जीएसटी सर्टिफिकेटवर ‘लीगल नेम’ मालकाचं आणि ‘ट्रेड नेम’ वर्कशॉपचं. पोर्टलवर लीगल नेमच्या रकान्यात वर्कशॉपचं नाव टाकलं की पॅन पडताळणी फसते, आणि लोक पोर्टल बंद पडलंय समजून रात्री दोनला पुन्हा प्रयत्न करत बसतात. पॅनचं चौथं अक्षर पाहा. ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘एफ’ म्हणजे भागीदारी, ‘सी’ म्हणजे कंपनी. तुम्ही निवडलेला संस्थाप्रकार त्याच्याशी जुळला पाहिजे.

थोडक्यात

रद्द केलेल्या चेकवर खात्याचं नाव छापलेलं हवं. नसेल तर बँकेचं पत्र घ्या.

उद्यम नोंदणीत मुख्य काम ‘ट्रेडिंग’ असेल, तर ४५ दिवसांत पैसे मिळण्याच्या कायदेशीर हक्कावर विसंबून प्रोफाइलमध्ये एमएसएमई असल्याचं ठळक लिहू नका. व्यापाऱ्यांची नोंदणी प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती आहे. तुम्ही खरंच उत्पादन करत असाल, तर आधी उद्यम अद्ययावत करा.

फाइलचं नाव ‘स्कॅन१’ ठेवू नका. कागदाचं नाव आणि मुदतीची तारीख लिहा.

अर्जात भाच्याचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा ईमेल देऊ नका. खुलासा मागणारा मेल तिथेच जातो, उत्तराची मुदत संपते, आणि तुम्ही मात्र कंपनीने कळवलंच नाही म्हणून वाट पाहत राहता.