बिल्डिंगमध्ये वायफाय अडकतंय? चॅनलची रुंदी कमी करून बघा

रात्री नऊ-दहाला सगळे घरी असले की व्हिडिओ कॉल अडकतो, पिंग मधेच शेकड्यात जातो आणि पहाटे मात्र स्पीड टेस्ट एकदम झकास, असं होत असेल तर प्लॅन वाढवायच्या आधी राउटरमधली `Channel Width`, म्हणजे वायफाय हवेतली किती जागा वापरतो ती रुंदी, बघा.

रुंदी डबल केली की लिंक स्पीडही, म्हणजे राउटर आणि फोनमधला स्पीड, साधारण डबल होतो हे खरंय, पण राउटर बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकतो, आणि चॅनल जेवढा रुंद तेवढे जास्त शेजारी त्यात येतात, मग कधी थांबावं लागतं तर कधी टक्कर होऊन तेच पॅकेट परत पाठवावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर तर जागाच एवढी कमी की एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, तेही `20MHz` ठेवलं तरच. `40MHz` केलं की बराचसा बँड तुम्ही एकटेच अडवता (शेजारीही बहुतेक तेच करतायत!).

राउटरच्या `Wireless` सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला `Auto` काढून `20MHz` करा आणि त्या तिघांतला कमी गर्दीचा चॅनल निवडा. ५ गिगाहर्ट्झला `80MHz` असेल तर `40MHz` करून संध्याकाळीच पिंग लावून बघा. दोन अँटेनाच्या `802.11ac` फोनचा लिंक स्पीड ८६७ एमबीपीएसवरून ४०० वर येईल, घाबरू नका, १०० एमबीपीएसच्या प्लॅनला तेवढा पुरून उरतो. ३०० च्या वरचा प्लॅन असेल तर मात्र `80MHz` सोडवत नाही, तिथे टीव्ही, पीसी केबलवर घ्या.