जाडे की पातळ पोहे, बारीक की जाड रवा: घेताना आणि ठेवताना या चुका टाळा

कांदेपोह्यांचा लगदा झाला की दोष पाण्याला दिला जातो आणि उपम्यात गुठळ्या झाल्या की हाताला. खरी चूक बहुतेक वेळा त्याआधी, माल घेतानाच झालेली असते. पोहा किती जाड आहे आणि रव्याचा कण किती मोठा आहे, यावर तो पाणी किती लवकर ओढणार हे ठरतं. आणि जो माल कढईत पाणी लवकर ओढतो, तोच डब्यात दमट हवाही लवकर ओढतो. म्हणून कोणता घ्यायचा आणि तो किती दिवस टिकेल, हे दोन्ही एकदमच ठरवायला हवं.

पाकिटावरच्या नावावर भरवसा ठेवणे

एका गिरणीचे ‘जाडे’ पोहे दुसऱ्या गिरणीच्या ‘मध्यम’ पोह्यांइतकेच निघतात. त्यात नायलॉन आणि दगडी ही नावंही असतात. नायलॉन म्हणजे अगदी पातळ, चिवड्याचे. दगडी म्हणजे खूप जाड, ते मुख्यतः तळून चिवडा करायला. दगडी पोहे भिजवून कांदेपोहे करायला गेलं की वरून मऊ आणि आत कचकचीत लागतात. ती त्या पोह्यांची खराबी नव्हे, काम चुकीचं दिलं गेलं.

नाव बाजूला ठेवून चिमूटभर पोहे तळहातावर घ्या. पातळ पोह्यातून उजेड आरपार दिसतो आणि चिमटीत दाबला की त्याचा चुरा होतो. कांदेपोह्यांचा जाडा पोहा असा दिसत नाही, मोडताना टक्‌ असा बारीक आवाज येतो आणि दोन तुकडे होतात, भुगा होत नाही.

पोहे हे आधीच शिजलेल्या भातासारखे असतात. साळ भिजवून, भाजून, मग चेपून ते करतात, म्हणून आपल्याला त्यांना शिजवायचं नसतं, फक्त पाणी परत द्यायचं असतं. जाडे पोहे चाळणीत घेऊन दोन पाण्यांनी धुवा आणि दहा मिनिटं निथळत ठेवा. मग एक पोहा बोटांत दाबा. आत कणी न लागता तो चेपला गेला, पण तोपर्यंत अख्खा राहिला, तर पोहे तयार आहेत. कणी लागली तर पुन्हा नळाखाली धरू नका. पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं झाकून ठेवा. जुने, फार सुकलेले पोहे असेच हट्टी असतात. पाहुणे यायच्या दिवशी नवं पाकीट फोडणार असाल तर आधी मूठभर भिजवून बघितलेलं बरं.

पातळ पोहे मात्र धुवायचेच नाहीत. ओल्या चाळणीतून बाहेर काढेपर्यंत त्यांची पेज होते. घरी तेवढेच असतील तर दडपे पोहे करा: ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, लिंबू, मीठ, साखर घालून कालवायचे आणि झाकण ठेवून दडपून ठेवायचे. खोबऱ्याचा आणि कांद्याचा ओलावा त्यांना पुरतो, लागलाच तर नारळपाण्याचा हबका. भिजवलेले जाडे पोहे जास्त मऊ झाले तर परतत बसू नका, ढवळून ते आणखी मोडतात. ताटात पसरून दहा मिनिटं वाऱ्यावर ठेवा. तरीही लगदाच राहिला तर त्याचे वडे किंवा कटलेट चांगले होतात, कांदेपोह्यांचा हट्ट सोडावा.

पांढरेशुभ्र म्हणजे उत्तम, असं समजणे

रंगापेक्षा पाकिटाचा तळ बघा. पाकीट आडवं करून हलवलं की भुगा आणि कणी एका कोपऱ्यात जमते. ती खूप असेल तर पोहे जुने तरी आहेत किंवा हाताळणीत मोडलेले तरी. तूस, काळे दाणे, बारीक खडे उजेडात धरले की दिसतात. सुटे पोहे घेताना दोन-चार तोंडात टाकून सावकाश चावा. चांगला पोहा शेवटी गोडसर लागतो, शिळा पोहा घशाशी खवट लागतो. खवटपणा धुऊन जात नाही आणि फोडणीखाली लपतही नाही. लालसर पोह्यांवर कोंड्याचा अंश जास्त असतो. चवीला ते छान असतात, पण कोंड्यात तेल असतं, त्यामुळे तेच आधी खवटतात. ते पावकिलो, अर्धा किलोच आणावेत.

चिवड्याचे पोहे महिनाभर आधी भरून ठेवणे

दिवाळी पावसाळ्याच्या पाठोपाठ येते, आणि पातळ पोह्यांसाठी याहून वाईट वेळ नाही. सप्टेंबरमध्ये आणलेले पोहे चार आठवडे दमट हवा ओढतात आणि मग चिवडा दुसऱ्याच दिवशी चामट होतो. चिवडा करायच्या आधी पाच-सहा दिवस पोहे आणा, त्याहून लवकर नको.

अर्धा किलोचं उदाहरण घेऊ. आधी पोहे चाळून भुगा काढून टाका, कारण तोच कढईत आधी करपतो आणि सगळ्या चिवड्याला कडवट वास लावतो. मग कडक उन्हात पातळ कापडाखाली दोन-तीन तास ठेवा. ऊन नसेल तर जाड बुडाच्या कढईत, अगदी मंद आचेवर, दोन-तीन हप्त्यांत भाजा. आच मोठी झाली की पोहे आकसून वळतात आणि आतला ओलावा तसाच राहतो. झाऱ्याने ढवळण्यापेक्षा कढई कडांनी धरून हलवली तर मोडत नाहीत. झाले की नाही ते रंगावरून कळत नाही, बोटांवरून कळतं: पाच-सहा पोहे चुरडले की कुरकुरत त्यांची पूड व्हायला हवी. नुसतेच दुमडले तर अजून वेळ आहे. फोडणीत घालायच्या आधी ते कुरकुरीत झालेले असायला हवेत, कारण फोडणीत तेल लागतं आणि तेल लागल्यावर उरलेला ओलावा सहज निघत नाही.

चिवडा नरम पडलाच तर पुन्हा मंद आचेवर गरम करून पूर्ण गार होऊ द्या, बरंच निभावतं. पिठीसाखर आधीच घातलेली असेल तर आच आणखी कमी ठेवा.

एकच रवा सगळ्याला वापरणे

बारीक रव्याचा उपमा करता येतो, पण गुठळ्यांशी झगडावं लागतं. कारण सोपं आहे: बारीक कण पाण्यात पडले की बाहेरचे कण क्षणात फुगून चिकट होतात आणि त्यांच्या आत कोरडा रवा अडकतो. जाड रव्यात कणांमधून पाण्याला वाट मिळते. जाड रव्याला अडीच ते तीन पट उकळतं पाणी लागतं, बारीकला दोन पटीच्या आसपास पुरतं. बारीकच असेल तर तो थोड्या तेलातुपावर नीट भाजा, कण सुटे आणि हलके होईपर्यंत. मग एका हाताने धार धरून दुसऱ्या हाताने ढवळा. गुठळ्या झाल्याच तर गॅस बंद करून डावाने कडेला दाबून मोडा, वरून पाणी ओतत राहू नका.

लाडवांचं उलटं आहे. त्यांना बारीक रवा हवा. जाड रवा पाक सावकाश पितो, त्यामुळे मिश्रण पातळ वाटतं, आपण घाईने आणखी रवा घालतो, आणि दुसऱ्या दिवशी लाडू दगड होतात. जाडच रवा हाताशी असेल तर भाजण्याआधी मिक्सरवर थांबत-थांबत फिरवून चाळून घ्या. जाडाचा बारीक करता येतो, बारीकचा जाड होत नाही. एकच प्रकार घरात ठेवायचा झाला तर म्हणूनच मी जाड रवा ठेवते. इडली रवा मात्र या हिशेबात धरू नका, तो तांदळाचा असतो. त्याचा शिरा किंवा उपमा गव्हाच्या रव्यासारखा होत नाही.

रवा पारखताना चिमूटभर बोटांत चोळा. बोटांना पांढरं पीठ फासल्यासारखं लागलं तर रवा नीट चाळलेला नाही. असा रवा चिकट शिजतो आणि त्यात पोरकिडेही लवकर वाढतात, कारण त्यांना अख्ख्या दाण्यापेक्षा पीठ आणि चुरा जास्त मानवतो. ताटात रवा पसरून त्यावरून लोहचुंबक फिरवून बघा, लोखंडाचा कीस असेल तर चिकटून वर येतो.

कोमट रवा डब्यात भरणे

रवा भाजून ठेवला की टिकतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तरीही महिनाभरात तो बिघडतो, तेव्हा बहुधा तो गार होण्याआधीच झाकण लागलेलं असतं. आतली वाफ झाकणाला लागून थेंब होते आणि परत रव्यात पडते. एक किलो रवा दोन हप्त्यांत, कोरड्या कढईत, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजा. रंग बदलू द्यायचा नाही, पण आतपर्यंत चांगला गरम व्हायला हवा, नाहीतर किड्यांची अंडी मरत नाहीत. मग परातीत पसरून पूर्ण गार करा आणि धुऊन, उन्हात वाळवलेल्या डब्यात भरा. जुन्या रव्यावर नवा ओतू नका. तळाशी राहिलेली चार अंडी नव्या किलोला पुरतात.

डब्यात गोळे दिसले तर एक उचलून बघा. बोटाने दाबताच सुटला आणि वास ठीक असेल तर नुसता ओलावा आहे, चाळून, भाजून लगेच वापरता येतो. गोळा बारीक तंतूंनी लोंबत असेल तर ती अळीची जाळी आहे. तिच्यात अळीची विष्ठा असते, तो रवा चाळून वाचवू नका, टाकून द्या. बुरशीचा वास आला तरी तेच.

माझा घरातला अंदाज असा आहे. पाकीट उघडल्यावर पातळ पोहे महिनाभर, पावसाळ्यात दोन आठवडे. जाडे पोहे दोन महिने. न भाजलेला रवा दीड-दोन महिने, पावसाळ्यात एक. भाजलेला तीन महिने. पाकिटावरची तारीख बंद पाकिटाची असते, फोडलेल्याची नव्हे. समुद्राजवळच्या हवेत हे सगळं आणखी कमी धरा.

फ्रिजमध्ये कीड वाढत नाही, पण मरतेच असं नाही. बाहेर काढल्यावर ती पुन्हा सुरू होते. फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवलं तर मरते. तिथून काढलेलं पाकीट लगेच फोडू नका. दोन-तीन तास बाहेर ठेवून घरातल्या हवेइतकं होऊ द्या, बाहेरून धरलेलं पाणी पुसा, आणि मगच कात्री लावा.