रोबोट मुद्दाम मर्यादेवर आपटतोय? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागच्या घरी, माडीवर, मी आणि धाकटा भाऊ एका छोट्या रोबोटला शिकवतोय. मोटरवर आडवी दांडी आणि तिच्या टोकाला सैल लटकणारा पेंडुलम. दांडी मागेपुढे हलवून तो उलटा उभा करायचा, तेही सिम्युलेटरशिवाय, थेट मोटरवरच शिकून. वायर गुंडाळू नये म्हणून दांडीला दोन्हीकडे ९०° ची मर्यादा आहे. ती ओलांडली की फेरी संपते.

तासाभरात दांडी प्रत्येक फेरीत थेट मर्यादेवर धडकू लागली. आम्ही मोटर तपासत बसलो, पण चूक रिवॉर्डमध्ये, म्हणजे रोबोटला दर पावलाला मिळणाऱ्या गुणांमध्ये होती. सरळ उभ्या स्थितीपासूनच्या कोनाचा वर्ग आम्ही दर पावलाला वजा करत होतो. पेंडुलम लटकलेला असताना कोन π, म्हणजे दर पावलाला सुमारे −९.९. सेकंदाला ५० पावलं, फेरी ५ सेकंदांची. नुसतं लटकून राहिलं तरी जवळपास −२४७०. मर्यादेवर १५ पावलांत आपटलं तर −१४८ आणि वर आमचा दंड −१००. रोबोटनं स्वस्तातला मार्ग शोधला होता! आता लटकलेला असताना ० आणि उभा असताना १ मिळतो, सूत्र `(1 + cos θ) / 2`. लवकर मरण्यात फायदाच उरला नाही. शिवाय ७०° नंतर बाहेरच्या दिशेचा जोर कमी करत नेला. हा ब्रेक लॅपटॉपवर ठेवू नका, मोटरच्या कंट्रोलरवर ठेवा. लॅपटॉप न्यूरल नेटवर्क अपडेट करण्यात अडकला तर शेवटची आज्ञा तशीच चालू राहते. म्हणून १०० मिलिसेकंदांत नवी आज्ञा आली नाही तर कंट्रोलरनं मोटर सोडून द्यावी.

दुसरी चूक कानानं कळते. दर पावलाला वेगळा यादृच्छिक धक्का दिला की गिअर कडकड वाजतो, मोटर तापते आणि पेंडुलम मात्र जागचा हलत नाही, कारण उलटसुलट धक्के एकमेकांना खोडतात. एकाच दिशेचा जोर थोडा वेळ टिकायला हवा. Stable-Baselines3 लायब्ररीतल्या SAC या शिकण्याच्या पद्धतीत ते असं लिहितात:

```python
model = SAC("MlpPolicy", env, use_sde=True, sde_sample_freq=8)
```

इथे ८ पावलं, म्हणजे ०.१६ सेकंद, तोच कल टिकतो.

रीसेटला आम्ही ठरावीक ३ सेकंद थांबायचो. पेंडुलम कधी कधी झुलतच असायचा. आता दांडी हळू मध्यावर येते आणि पेंडुलमचा वेग अर्धा सेकंद जवळपास शून्य राहिला तरच पुढची फेरी सुरू होते.

एका संध्याकाळी भाऊ खालून ओरडला, "दादा, लाईट गेलीय!" लॅपटॉप बॅटरीवर शिकतच होता. जोर दिला तरी काही हलत नाही, असे शेकडो खोटे अनुभव तो ज्यातून शिकतो त्या साठ्यात गेले आणि लाईट आल्यावर रोबोट नुसता लटकून राहिला. तेव्हापासून दांडी १० सेकंदांत मध्यावर पोचली नाही, तर शिकणं थांबतं आणि आधीची फेरी साठ्यातून काढली जाते.