पॉकेटच्या कोपऱ्यासाठी एंड मिलचा व्यास

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत काम करणाऱ्या आपल्या मंडळींकडून एक चूक वारंवार होताना दिसते : ड्रॉइंगमध्ये पॉकेटच्या आतील कोपऱ्याला R5 दिलेला असला, की थेट १० मिमीची एंड मिल लावली जाते. माप जुळते, हे खरे. परंतु टूलची त्रिज्या कोपऱ्याच्या त्रिज्येइतकीच असल्यामुळे टूलचे केंद्र कोपऱ्यात वळण न घेता एका बिंदूवर थांबून काटकोनात दिशा बदलते, त्या क्षणी टूलचा एकदम चतुर्थांश घेर धातूला भिडतो, आणि कोपऱ्यात किंचाळल्यासारखा आवाज येऊन लहरींच्या खुणा उमटतात.

३० मिमी खोल पॉकेट असल्यास मी १६ मिमीच्या टूलने रफिंग करून फिनिशिंगला ८ मिमीचे टूल घेतो. रफिंगनंतर कोपऱ्यात R8 उरतो, म्हणजे कर्णाच्या दिशेने सुमारे १.२५ मिमी धातू, शिवाय भिंतीवर ठेवलेला अलाउन्स. तो दोन-तीन पासांत काढावा. ८ मिमीच्या टूलचे केंद्र १ मिमी त्रिज्येच्या कंसावर फिरते, तर कापणारी धार ५ मिमीच्या कंसावर. म्हणून केंद्राच्या मार्गावर दिलेला फीड तेथे पाचव्या हिश्शावर आणावा, अन्यथा धारेवरचा फीड पाचपट होतो.

हाच कोपरा R2 असता, तर ४ मिमीपेक्षा बारीक टूल ३० मिमी बाहेर काढावे लागले असते आणि ते वाकून भिंत खाली निमुळती झाली असती. अशा वेळी, जोडीच्या भागाला बाधा येत नसेल तर, त्रिज्या वाढवून देण्याची विनंती डिझाइनरला आधीच करावी.