एमसीव्ही कमी दिसला की लोहाच्या गोळ्या? या चुका टाळा

आमच्याकडे तालुक्याच्या गावात सीबीसीचा रिपोर्ट फार तर दहा सेकंद वाचला जातो. हिमोग्लोबिन बघायचं, एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, ऐंशीच्या खाली दिसला की लाल गोळ्या लिहायच्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची. मी लॅबवाला असून ही तक्रार करतोय, कारण माझ्याही हातून हेच झालंय. माझ्याकडे एक रबरी शिक्का होता, "मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक, लोहाची कमतरता असावी". लहान आणि फिक्या पेशी दिसल्या की तो मारायचा. वेळ वाचायचा.

एका शेतमजूर बाईच्या रिपोर्टवर तो शिक्का पहिल्या बाळंतपणात मारला होता. तीन वर्षांनी ती पुन्हा दिवस गेल्यावर आली, आठवा आठवडा. म्हणाली, "गोया खाऊन खाऊन पोट बिघडलं जी, पण रक्त काही वाढत नाई." हिमोग्लोबिन १०.२, एमसीव्ही ६१. शिक्का हातात घेतला होता, तेवढ्यात वरच्या ओळीकडे नजर गेली. आरबीसी काउंट ५.४२ मिलियन. हिमोग्लोबिन दहा आणि पेशी साडेपाच मिलियनच्या घरात? जुनं रजिस्टर काढलं. तेव्हाही काउंट पाचच्या वरच होता. आकडा छापलेला होता, वाचला कोणीच नव्हता.

योगायोगाने त्याच दिवशी तिची जाऊही तपासणीला आली होती. हिमोग्लोबिन ८.४, एमसीव्ही ६८, काउंट ४.० मिलियन. एकाच घरातल्या दोघी, दोघींच्या पेशी लहान, पण गोष्टी वेगळ्या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे भाकरीवरून सांगतो. लोह कमी म्हणजे डब्यात पीठच कमी. भाकऱ्या लहान होतात आणि मोजक्याही होतात, म्हणून एमसीव्हीबरोबर काउंटही पडतो. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आनुवंशिक आजाराचा नुसता वाहक असणं, यात पीठ भरपूर आहे, तवा लहान आहे. ग्लोबिनची साखळी पुरेशी बनत नाही म्हणून पेशी लहान, पण अस्थिमज्जा थापतच राहते, त्यामुळे काउंट नॉर्मल किंवा त्याहून जास्त.

हेच भागाकाराने मांडलंय मेंट्झर यांनी १९७३ साली. एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागा. उत्तर तेराच्या वर आलं तर लोहाची कमतरता जास्त संभवते, तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय. जावेचं ६८ भागिले ४.०, म्हणजे १७. हिचं ६१ भागिले ५.४२, म्हणजे ११ च्या थोडं वर. मोबाईलवर पाच सेकंदांचं काम आहे. आता मी शिक्क्याच्या जागी हा आकडा पेनाने लिहितो.

पण भागाकार करून निदान झालं असं मानणारे उतावळे लोकही मी पाहिलेत, आणि ते गोळ्यावाल्यांपेक्षा बरे नाहीत. गरोदरपणात पुढे पुढे रक्त पातळ होतं, काउंट उतरतो आणि भागाकार फसतो. एकाच माणसात दोन्ही दोष असले तरी फसतो. हा आकडा फक्त पुढची तपासणी कोणाची करायची ते सांगतो. खरा निकाल हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा, आणि त्यात बघायचं ते हिमोग्लोबिन ए-टू. ते एरवी दोन ते तीन टक्क्यांच्या आसपास असतं. बीटा थॅलेसेमिया मायनरमध्ये साधारण साडेतीनच्या वर, बहुतेकदा चारच्याही वर जातं. बाईचं आलं ५.२. लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन चांगलं होतं, म्हणजे त्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढणार नव्हतंच. जावेचं फेरिटिन ६. महिनाभर गोळ्या खाल्ल्यावर तिचं हिमोग्लोबिन १०.१ झालं.

दुसरी चूक याच घरात झाली, आणि ती शिकलेल्या लोकांची चूक आहे. बाई वाहक निघाल्यावर नवऱ्याला बोलावलं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारा आजार, होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्याचं हिमोग्लोबिन ११.१, एमसीव्ही ६४, काउंट ५.३ मिलियन. भागाकार १२. ए-टू आलं ३.४ आणि बाहेरच्या लॅबने खाली लिहून पाठवलं, "नॉर्मल". तो खुशीत घरी निघाला होता.

मी थांबवलं, कारण तो मूळव्याधीचा जुना पेशंट, रक्त जायचं. फेरिटिन आलं ९. लोह कमी असलं की ए-टूही कमी बनतं. म्हणजे मुळात चारच्या पुढे जाणारा आकडा ३.४ वर येऊन बसू शकतो आणि वाहक माणूस नॉर्मल म्हणून सुटतो. अशा सीमेवरच्या रिपोर्टला नेहमीचा उपाय म्हणजे तीन महिने लोह देऊन ए-टू पुन्हा करणं. पण इथे बायकोला दहावा आठवडा लागला होता. तीन महिने थांबलो असतो तर गर्भाची तपासणी करून निर्णय घ्यायची वेळ हातातून गेली असती. म्हणून लोह सुरू केलं आणि त्याच दिवशी दोघांचंही रक्त डीएनए तपासणीसाठी नागपूरला पाठवलं. "एकदा नॉर्मल आलं ना जी, मंग पुन्हा काऊन?" हे त्याने मला तीनदा विचारलं. तोही वाहकच निघाला. पुढे वारेच्या पेशी काढून गर्भाची तपासणी झाली. बाळ वाहक आहे, मेजर नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो.

गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ए-टूचा नमुना पाठवू नका, रिपोर्टमध्ये रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मिसळून येईल. त्यापेक्षा आईबापाचं तपासा.

"थॅलेसेमिया म्हणजे सिंधी लोकांचा आजार" हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. वरचं जोडपं सिंधी नव्हतं.

मायनर कळल्यावर लोह कायमचं बंद करणं हीदेखील घाईच. वाहक बाईलाही लोहाची कमतरता होते. फेरिटिन बघून ठरवा, आणि ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं चढतं हे लक्षात ठेवा.

ए-टू नॉर्मल, फेरिटिन नॉर्मल, तरी काउंट जास्त आणि पेशी लहान, तर अल्फा थॅलेसेमिया मायनर मनात आणा. तो इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये दिसत नाही.

आपल्या भागातली खास चूक सिकलसेलची. शिबिरात सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली की लोक समजतात सगळं रक्त तपासून झालं. ती टेस्ट फक्त हिमोग्लोबिन एस पकडते, थॅलेसेमियाबद्दल काहीच सांगत नाही. उलट बाजूने, सिकल वाहकाच्या एचपीएलसीत ए-टू खोटंच थोडं वाढलेलं दिसतं. तेवढ्यावरून त्याला थॅलेसेमियाही चिकटवू नका. नुसत्या सिकल वाहकात एस हे नेहमीच्या हिमोग्लोबिन ए पेक्षा कमी असतं आणि एमसीव्ही बहुधा नॉर्मल. एस जास्त, ए कमी आणि पेशी लहान असं दिसलं, तर मात्र सिकल-बीटा थॅलेसेमिया आहे का ते बघा.

आणि मे महिन्यात सीबीसीचा नमुना एसटीच्या टपावरून पाठवू नका. दिवसभर उन्हात तापलेल्या नळीत पेशी खराब होतात, नुसती शिळी झालेली पेशीही फुगते, आणि मग एमसीव्ही मुळात होता त्यापेक्षा जास्त छापून येतो.